अश्राव्याची साक्ष : ‘हॅम्लेट’मधील स्वगते आणि त्यांच्या प्रामाण्याच्या मर्यादा

१

‘हॅम्लेट’च्या तिसऱ्या अंकातील तिसऱ्या प्रवेशात राजा क्लॉडियस एकटा उरतो आणि बोलू लागतो. आपल्या हातून बंधुहत्या घडली आहे, या पापावर मानवजातीचा सर्वांत जुना शाप आहे, प्रार्थना करावीशी वाटते पण करता येत नाही, अशी त्याची कबुली आहे. ज्या लाभांसाठी हत्या केली ते सारे, म्हणजे मुकुट, महत्त्वाकांक्षा आणि राणी, अजून आपल्याच हाती असताना क्षमा कशी मागावी, हा त्याच्यापुढील पेच आहे. अखेर तो गुडघे टेकतो. तेवढ्यात हॅम्लेट मागून येतो, तलवार उपसतो, आणि मग तोही एक स्वगत बोलतो. प्रार्थनेत असलेल्या माणसाला मारले तर त्याचा आत्मा स्वर्गाला जाईल. पित्याला मात्र पापांची कबुली देण्याचीही सवड न मिळता मरण आले. तेव्हा हा सूड नव्हे, ही तर शत्रूची सेवा होईल, असा हिशेब करून तो तलवार म्यान करतो. तो निघून गेल्यावर राजा उठतो आणि सांगतो, की शब्द वर गेले, मन खालीच राहिले. प्रार्थना झालेलीच नव्हती.

एकाच रंगस्थळावर, काही हातांच्या अंतरावर, दोन माणसे आपापले अंतःकरण उघड करतात आणि दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याचे ऐकू येत नाही. हॅम्लेटच्या हाती पुरावा असतो तो फक्त वाकलेल्या देहाचा. त्यावरून त्याने केलेले अनुमान चुकीचे आहे, हे प्रेक्षकाला कळते, कारण प्रेक्षकाने स्वगत ऐकलेले असते. हा प्रवेश म्हणजे स्वगताच्या सामर्थ्याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण होय, असे सामान्यतः मानले जाते. जे कोणत्याही साक्षीदाराला मिळत नाही ते येथे प्रेक्षकाला मिळते.

परंतु याच प्रवेशाने समीक्षेपुढे एक वेगळा प्रश्न टाकला. राजाचे स्वगत खरे मानायचे, तर त्याच न्यायाने हॅम्लेटचे स्वगतही खरे मानावयास हवे. प्रत्यक्षात अनेक समीक्षकांनी पहिले निःशंकपणे स्वीकारले आणि दुसरे नाकारले. राजाने दिलेली कबुली ही वस्तुस्थिती, आणि राजपुत्राने दिलेले कारण ही सबब, अशी वाटणी केली गेली. ही वाटणी कशाच्या आधारावर झाली आणि तिला काही नियम आहे काय, हे पाहू लागले म्हणजे स्वगत कोणत्या प्रकारची साक्ष देऊ शकते व कोणत्या प्रकारची देऊ शकत नाही, याची रेषा दिसू लागते.

२

या चर्चेत मराठी संज्ञेचाच प्रथम विचार करणे उपयुक्त ठरेल. इंग्रजीत एकट्या पात्राचे दीर्घ भाषण आणि इतरांच्या उपस्थितीत त्यांना वगळून उच्चारलेले वाक्य यांसाठी दोन शब्द आहेत. मराठीत पहिल्याला ‘स्वगत’ म्हणतात; दुसऱ्यासाठी कधी ‘स्वगत’ तर कधी ‘जनांतिक’ हा शब्द येतो. दोन्ही शब्द संस्कृत नाट्यशास्त्रातून आले आहेत, आणि तेथे त्यांचे अर्थ अधिक काटेकोर आहेत. दहाव्या शतकातील धनंजयाच्या ‘दशरूपका’त नाट्यवस्तूचे श्रवणाच्या दृष्टीने तीन भाग केले आहेत. सर्वांनी ऐकावयाचे ते सर्वश्राव्य किंवा प्रकाश. कोणीच ऐकावयाचे नाही ते अश्राव्य किंवा स्वगत. आणि काहींनीच ऐकावयाचे ते नियतश्राव्य. या तिसऱ्याचे पुन्हा जनांतिक आणि अपवारित असे दोन प्रकार. जनांतिकात नट त्रिपताक हस्ताने इतरांना वगळून दुसऱ्या पात्राशी बोलतो. म्हणजे ज्या अर्थाने मराठी समीक्षा आज ‘जनांतिक’ म्हणते, त्या अर्थाची बरीचशी वाक्ये संस्कृत शास्त्राप्रमाणे स्वगतातच मोडतील.

या वर्गीकरणाची विशेषता अशी, की ते कोण काय विचार करतो हे सांगत नाही. कोण ऐकतो एवढेच सांगते. स्वगत हे शास्त्रकारांच्या दृष्टीने ‘न ऐकावयाचे बोलणे’ आहे. ते मनाचे प्रतिलेखन आहे की मोठ्याने बोललेले वाक्य आहे, या प्रश्नात शास्त्रकार शिरत नाहीत. ‘स्व’कडे गेलेले म्हणून ते अंतर्मनाचे, आणि अंतर्मनाचे म्हणून ते खरे, ही पुढची दोन पावले आधुनिक वाचकाने टाकलेली आहेत. गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’च्या भाषांतराला ‘विकारविलसित’ (१८८३) असे नाव दिले. नाटकाचा विषय मनोविकारांचा खेळ आहे, हे वाचन त्या नावातच सूचित आहे, आणि अशा वाचनात स्वगताला प्रधान स्थान मिळणे स्वाभाविक होते.

शेक्सपियरकालीन रंगभूमीवरील स्वगतही मुळात उच्चारलेले बोलणेच होते, याची खूण त्या नाटकांतच सापडते. ज्युलिएट सज्जात एकटी आहे असे समजून बोलते आणि खाली उभा असलेला रोमिओ ते ऐकतो. झोपेत चालणारी लेडी मॅक्बेथ स्वतःशी बोलते आणि वैद्य व दासी ते ऐकून तिच्या अपराधाचा अंदाज बांधतात. स्वगत हा जर निःशब्द विचार असता तर तो चोरून ऐकता आला नसता. जेम्स हर्श यांनी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या स्वगताच्या इतिहासावरील ग्रंथात याच मुद्द्यावर भर दिला. त्या काळातील स्वगत हे पात्राचे स्वतःशी बोलणे असून विचाराचे प्रतिरूप नव्हे, आणि मूक मनाचा उच्चार म्हणून त्याकडे पाहण्याची सवय पुष्कळ नंतरची आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

हर्श यांनी याचा एक धाडसी उपयोग केला. जगावे की जगू नये या प्रश्नापासून सुरू होणारे हॅम्लेटचे सुप्रसिद्ध स्वगत चालू असताना ऑफिलिया रंगमंचावरच असते. राजा आणि पोलोनियस आडोशाला लपलेले असतात. आणि हॅम्लेटला तेथे बोलावणे धाडलेले असते. तेव्हा हे भाषण लपलेल्या कानांसाठी केलेला बनाव असू शकेल, असे त्यांचे म्हणणे. हे सर्वांना पटलेले नाही. प्रेक्षकाला बनावाची खूण आधी किंवा मागाहून देण्याची जी रीत त्या काळच्या नाटकांत आढळते, ती येथे स्पष्टपणे पाळलेली नाही. तरीही या वादातून एक गोष्ट पक्की होते. स्वगताची विश्वसनीयता तपासताना ‘हे अंतःकरणाचे बोल आहेत’ हे गृहीत धरून चालत नाही. रंगमंचावर त्या क्षणी कोण आहे, हे आधी पाहावे लागते.

३

प्रेक्षकाला अंतःकरणात प्रवेश मिळणे याला एलिझाबेथकालीन इंग्लंडमध्ये विशेष अर्थ का होता, हे तत्कालीन न्यायविचारातून समजते. १३५२ च्या राजद्रोहाच्या कायद्याप्रमाणे राजाच्या मृत्यूची कल्पना करणे, तो मनात योजणे, हाच गुन्हा होता. परंतु मनातील योजना न्यायालयाला दिसत नाही. म्हणून ती सिद्ध करण्यास एखादी प्रकट कृती दाखवावी लागे. गुन्हा आत आणि पुरावा बाहेर, अशी ही विचित्र रचना होती. कॅथरिन आयझमन माउस यांनी आंतरिकता आणि रंगभूमी या विषयावरील आपल्या १९९५ च्या ग्रंथात दाखवून दिले आहे, की माणसाच्या आत दडलेले सत्य आणि ते उघड करणारी बाह्य चिन्हे यांतील अंतराविषयीची अस्वस्थता त्या काळच्या धर्मात, न्यायालयात आणि नाटकात सारखीच आढळते. आधुनिक ‘मी’ तेव्हा जन्मालाच आला नव्हता, असे फ्रान्सिस बार्कर आणि कॅथरिन बेल्सी यांनी १९८४ व १९८५ मध्ये मांडले होते. त्याला माउस यांचे हे उत्तर होते.

क्लॉडियसच्या स्वगतात हाच न्यायविचार शब्दरूपाने आलेला आहे. या भ्रष्ट जगात सोन्याने न्याय विकत घेता येतो. वर मात्र तसे नाही, तेथे माणसाला स्वतःच्या अपराधांच्या तोंडावर स्वतःविरुद्धच साक्ष द्यावी लागते, असे तो म्हणतो. साक्षीसाठीची न्यायालयीन संज्ञाच तेथे योजलेली आहे. म्हणजे प्रेक्षक ऐकतो ती कबुली कोणत्याही पार्थिव न्यायालयात दिलेली नाही. ज्या न्यायालयात ती द्यावी लागेल त्याच्या भीतीने दिलेली आहे. हॅम्लेटला या न्यायालयात प्रवेश नाही. म्हणूनच त्याला राजापुढे हत्येचे नाटक करवून प्रकट कृतीची, म्हणजे चेहऱ्यावरील बदलाची, वाट पाहावी लागते.

ही प्रकट कृती किती संदिग्ध होती, हे १९१७ मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग यांनी दाखविले. अंतर्गत नाटकाच्या आरंभी एक मूकनाट्य होते. त्यात निजलेल्या राजाच्या कानात विष ओतताना स्पष्ट दाखविले जाते. क्लॉडियस ते पाहूनही बिचकत नाही; तीच घटना नंतर संवादांसह घडू लागली तेव्हाच तो उठतो. ग्रेग यांचा निष्कर्ष असा, की हत्या विषाने कानातून झालेलीच नसावी, आणि म्हणून भुताने सांगितलेली कथा हॅम्लेटच्या मनातूनच उपजलेली असावी. राजा उठला तो हॅम्लेटच्या वर्तनामुळे. याला पूरक अशी एक गोष्ट संहितेत आहे. नाटकातील मारेकरी हा राजाचा पुतण्या आहे, असे हॅम्लेट स्वतः जाहीर करतो. दरबाराच्या दृष्टीने पुतण्याने राजाला दिलेली ही उघड धमकी होती. राजाचे उठणे हे अपराधाचे चिन्ह असेल तसेच भयाचेही असेल. होरेशिओसुद्धा, आपण नीट पाहिले, एवढ्याच अर्थाचे मोजके उत्तर देतो.

ग्रेग यांच्या तर्काला स्वगतानेच अडविले, आणि त्यांनी ते मान्यही केले. प्रार्थनाप्रवेशातील कबुलीनंतर क्लॉडियस निर्दोष आहे असे म्हणता येत नाही. परंतु कबुली कशाची आहे, हे काळजीपूर्वक पाहावे लागते. भावाला मारल्याचे तो मान्य करतो. कसे मारले ते सांगत नाही. बाग नाही, निद्रा नाही, कान नाही, विष नाही. म्हणजे भुताच्या कथेतील कर्ता आणि कर्म यांना स्वगताची पुष्टी मिळते, रीतीला मिळत नाही. जे. डोव्हर विल्सन यांनी ग्रेग यांचा लेख रेल्वेप्रवासात वाचला आणि त्याला उत्तर देण्याच्या धडपडीतून पुढे १९३५ चा त्यांचा ‘हॅम्लेट’वरील ग्रंथ निर्माण झाला. मूकनाट्य चालू असताना राजा दुसऱ्याशी बोलण्यात गुंतलेला असल्याने त्याने ते पाहिलेच नाही, ही त्यांची उपपत्ती. ती मान्य केली तरी एक गोष्ट उरतेच : स्वगत जे बोलते तेवढ्याचीच साक्ष देते, त्याच्या मौनाची भरपाई दुसऱ्या साक्षीने करून ती स्वगताच्या नावावर जमा करता येत नाही.

राजाचे एक छोटे स्वगत याच्या आधीही येते. ऑफिलियाला धर्मग्रंथ हाती घेऊन बसविताना पोलोनियस भक्तीच्या मुखवट्याविषयी एक सामान्य वाक्य बोलतो, आणि राजा बाजूला वळून आपल्या रंगविलेल्या शब्दांखाली दडलेल्या कृत्याच्या ओझ्याविषयी बोलतो. कोणते कृत्य, हे येथेही सांगितलेले नाही. मात्र नाट्यदृष्ट्या या दोन-चार ओळींचा परिणाम मोठा आहे. हत्येच्या नाटकाची परीक्षा होण्यापूर्वीच प्रेक्षकाला निकालाची चाहूल लागते; हॅम्लेटला सत्य सापडेल काय हा प्रश्न मागे पडून, सापडलेल्या सत्याचे तो काय करील, हा प्रश्न पुढे येतो.

४

येथवर स्वगताला एकच, स्थिर संहिता आहे असे धरले. पण तशी वस्तुस्थिती नाही. ‘हॅम्लेट’च्या तीन जुन्या संहिता आहेत : १६०३ चा पहिला क्वार्टो, १६०४-०५ चा दुसरा क्वार्टो आणि १६२३ चा फोलिओ. यांतील पहिला क्वार्टो १८२३ मध्ये पुन्हा सापडला, म्हणजे डॉ. जॉन्सनला तो ठाऊक नव्हता, आणि कोलरिजने शेक्सपियरवर गाजलेली व्याख्याने दिली तेव्हा तोही त्याच्यापुढे नव्हता. त्याची संहिता बरीच आखूड आणि अनेक ठिकाणी विस्कळीत आहे, आणि तिच्या उगमाविषयी अजूनही एकमत नाही. तरी स्वगताच्या प्रश्नाला ती ज्या तीन ठिकाणी भिडते ती पाहण्यासारखी आहेत.

पहिले, राजाचे ते छोटे स्वगत या संहितेत नाही. तेथे प्रेक्षक प्रार्थनाप्रवेशापर्यंत हॅम्लेटइतकाच अनिश्चिततेत राहतो. दुसरे, प्रार्थनेपूर्वीचे स्वगत येथे पुष्कळ लहान असून त्यात बंधुहत्येबरोबर व्यभिचाराचीही कबुली आहे. नंतरच्या दोन संहितांत तसा शब्द नाही. राणी ही हत्येचा लाभ म्हणून गणलेली आहे, एवढेच. गर्ट्रूडचे पहिल्या पतीच्या हयातीतच क्लॉडियसशी संबंध होते काय, हा प्रश्न भुताच्या एका विशेषणावर उभा आहे, आणि ब्रॅडलीसारख्यांनी त्याचे होकारार्थी उत्तर दिले. त्या उत्तराला स्वगताची पुष्टी आहे की नाही, हे कोणते पुस्तक हाती आहे यावर ठरते. तिसरे, जगावे की जगू नये हे स्वगत पहिल्या क्वार्टोत आधी येते. नटमंडळी अजून आलेली नसते आणि हत्येचे नाटक करण्याची कल्पनाही हॅम्लेटला सुचलेली नसते. दुसऱ्या क्वार्टोत व फोलिओत ते या निश्चयानंतर येते. कालच मोठ्या आवेशाने बेत आखणारा राजपुत्र आज मरणाच्या विचारात गढलेला दिसतो, आणि या चढउतारावरून त्याच्या प्रकृतीविषयी अनुमाने काढली जातात. पहिल्या क्वार्टोच्या क्रमात मात्र तो चढउतारच उरत नाही. स्वगताच्या शब्दांइतकेच त्याचे स्थानही अर्थ देते, आणि स्थान हे पात्राच्या मनाचे नसून रचनेचे असते.

‘बाजूला’ ही सूचना तर अधिकच नाजूक आहे. शेक्सपियरच्या जुन्या छापील प्रतींत ती फार थोड्या ठिकाणी आढळते. आजच्या आवृत्त्यांत दिसणाऱ्या बहुतेक सूचना अठराव्या शतकापासूनच्या संपादकांनी घातलेल्या आहेत. हॅम्लेटच्या तोंडचे नाटकातील पहिलेच वाक्य याचे चांगले उदाहरण आहे. राजा त्याला पुतण्या आणि पुत्र म्हणून हाक मारतो. त्यावर तो नाते आणि निसर्ग यांवर एक कडवट श्लेष करतो. जुन्या प्रतींत येथे कसलीही सूचना नाही. संपादकांनी ते वाक्य बाजूला बोललेले ठरविले, आणि मग हॅम्लेटचे पहिले दर्शन आतल्या आत धुमसणाऱ्या माणसाचे होते. तेच वाक्य राजाच्या तोंडावर उच्चारले तर त्याचे पहिले दर्शन भरदरबारी राजाला दुखावणाऱ्या उद्धट तरुणाचे होईल. दशरूपककारांच्या भाषेत सांगायचे तर हे वाक्य अश्राव्य की सर्वश्राव्य, हेच अनिश्चित आहे. ज्याला वाचक पात्राचे अंतरंग समजतो ते अशा ठिकाणी संपादकाने कंसात ठेवलेल्या एका शब्दाचे कार्य असते.

५

आता हॅम्लेटच्या स्वगताकडे परतावे. शत्रूचा केवळ देह नव्हे तर आत्माही नष्ट व्हावा, या इच्छेने तो वार टाळतो असे तो सांगतो. डॉ. जॉन्सनने १७६५ च्या आपल्या आवृत्तीत हे शब्दशः घेतले, आणि सद्गुणी म्हणून रंगविलेल्या माणसाच्या तोंडी असे भाषण वाचणेही भयंकर आहे, अशा आशयाचा अभिप्राय दिला. त्यानंतरच्या पिढीला हे सहन झाले नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम रिचर्डसन यांनी हॅम्लेटचे हे कारण खरे नसून आपल्या संकोचावर घातलेले पांघरूण आहे, असे मत मांडले. कोलरिजचा कलही तिकडेच होता. १९०४ मध्ये ब्रॅडलीने या मताला सूक्ष्म रूप दिले. हॅम्लेट खोटे बोलत नाही, पण त्याने दिलेले कारण ही त्याची त्यालाच न कळलेली सबब आहे.

या ठिकाणी स्वगताच्या संकेतात फार मोठा बदल झाला. पात्र इतरांना फसवू शकते पण एकटे असताना फसवीत नाही, ही जुनी हमी होती. आता पात्र एकटे असतानाही स्वतःला फसवू शकते, असे मानले गेले. याविरुद्ध पहिल्या महायुद्धानंतर ई. ई. स्टोल आणि लेव्हिन शुकिंग यांनी आवाज उठविला. शुकिंग यांच्या १९१९ च्या ग्रंथाचा मुख्य मुद्दा असा, की त्या काळचे स्वगत ही नाटककाराने प्रेक्षकाला थेट दिलेली माहिती असते; खलपात्रही आपण खल आहोत हे सरळ सांगते; तेव्हा स्वगतातील कारण हेच कारण. त्याच्यामागे दुसरे, अधिक खोल कारण शोधणे म्हणजे रंगभूमीच्या संकेताला मानसशास्त्राचे नियम लावणे होय. शत्रूच्या आत्म्याचा नाश करण्याची इच्छा त्या काळच्या वाचकाला अपरिचितही नव्हती. टॉमस नॅश याच्या १५९४ च्या ‘द अनफॉर्च्युनेट ट्रॅव्हलर’ या गद्यकथेत एक सूडकरी आपल्या शत्रूला जिवाच्या आशेने ईश्वरनिंदा करावयास लावतो आणि लगेच गोळी घालतो, ती नेमकी याच हेतूने.

दोन्ही पक्षांच्या मागे एक समान गृहीत आहे. स्वगत एकतर पूर्ण विश्वसनीय, नाहीतर पूर्णपणे उलगडून पाहावयाचे, असे दोघेही धरतात. ‘ऑथेल्लो’ने हे गृहीत आधीच अडचणीत आणले होते. इयागोची स्वगते त्याच्या कपटाविषयी नितांत खरी आहेत. तो जे करणार म्हणतो ते करतो. हेतूविषयी मात्र ती एकामागून एक कारणे देत जातात, आणि एका कारणाबाबत तर तो स्वतःच सांगतो की ते खरे आहे की नाही हे आपल्याला ठाऊक नाही, केवळ संशयावरूनच आपण निश्चिती असल्याप्रमाणे वागू. कोलरिजने त्याची स्वगते म्हणजे हेतुशून्य दुष्टाव्याने चालविलेला हेतूंचा शोध होय, असे म्हटले ते यामुळेच. गो. ब. देवलांच्या ‘झुंझारराव’ (१८९०) या रूपांतरातून ज्यांना ही कथा परिचित आहे, त्यांनाही खलपात्राच्या बेताविषयी आणि त्याच्या कारणाविषयी वाटणाऱ्या खात्रीत किती अंतर असते, हे जाणवेल.

म्हणून स्वगतातील विधानांची वर्गवारी करणे हाच मार्ग योग्य दिसतो. पात्राने काय केले व काय करण्याचा बेत आहे याविषयीची विधाने, विरुद्ध पुरावा नसेल तर, प्रमाण मानावीत. संकेताची हमी येथे पुरी पडते. आपण हे का करीत आहोत याविषयीची विधाने ही पात्राची मते होत. ती प्रामाणिक असतील, पण त्यांची शहानिशा कृतीशी जुळवून करावी लागेल. आणि इतरांच्या मनाविषयी किंवा परलोकातील परिणामांविषयी स्वगतात केलेली विधाने ही केवळ अनुमाने होत. प्रार्थनाप्रवेशात हॅम्लेट चुकतो तो नेमका येथे.

हा निकष लावून हॅम्लेटचे कारण तपासता येते. प्रार्थना करणाऱ्या राजाला सोडून तो थेट आईच्या महालात जातो. तेथे पडद्याआड कोणी ओरडताच तो क्षणाचाही विचार न करता तलवार खुपसतो, आणि मेला तो राजा आहे काय, असे आईलाच विचारतो. राजा प्रार्थनेत नसेल तर मारावयाचे, हा आताच बोललेला बेत त्याने पाळला असे येथे म्हणता येते. प्रार्थनाप्रवेशातील कारणाला कृतीचा असा पाठिंबा आहे. त्या एका प्रसंगापुरते ते सबब ठरविण्यास आधार उरत नाही. जॉन्सनला आलेली शिसारी ही संहितेशी अधिक प्रामाणिक होती.

परंतु त्या एका प्रसंगाचे कारण म्हणजे सगळ्या दिरंगाईचे कारण नव्हे. त्या मोठ्या प्रश्नाविषयी हॅम्लेटची साक्ष काय आहे? चौथ्या अंकात, फोर्टिनब्रासचे सैन्य जाताना पाहून बोललेल्या स्वगतात तो सांगतो, की कारण आहे, इच्छा आहे, बळ आणि साधने आहेत, आणि तरीही हे काम अजून करावयाचेच आहे असे म्हणत आपण का जगतो, हे आपल्याला कळत नाही. पशूसारखी विस्मृती म्हणावी की परिणामांचा फाजील विचार म्हणावा, हेही त्याला ठरविता येत नाही. सर्व स्वगतांतील आत्मपरीक्षणाचा हा कळस म्हणता येईल. आणि त्यात निष्पन्न होते ते अज्ञान. ब्रॅडलीच्या परंपरेला याहून मोठा आधार नाही : पात्र स्वतःच सांगते की आपल्याला कारण ठाऊक नाही, तेव्हा त्याच्यासाठी ते दुसऱ्या कोणी शोधणे क्रमप्राप्त होते.

आणि हे स्वगत केवळ दुसऱ्या क्वार्टोत आहे. पहिल्या क्वार्टोत ते नाही. फोलिओत फोर्टिनब्रासच्या तोंडच्या थोड्या ओळी तेवढ्या उरतात, हॅम्लेट त्या प्रवेशात येतच नाही. १९८६ च्या ऑक्सफर्ड आवृत्तीच्या संपादकांनी फोलिओ ही नाटककाराने स्वतः सुधारलेली संहिता मानून हे स्वगत मुख्य संहितेबाहेर, पुरवणीत छापले. २००६ च्या आर्डेन आवृत्तीने तिन्ही संहिता स्वतंत्रपणे दिल्या. स्वगत गाळणारा हात नाटककाराचा होता की नटांचा, याविषयी मते भिन्न असू शकतील. परिणाम मात्र स्पष्ट आहे. स्वतःचे मन स्वतःला कळत नाही असे अखेरपर्यंत म्हणणारा हॅम्लेट एका पुस्तकात आहे. दुसऱ्या पुस्तकातील हॅम्लेट दुसऱ्या अंकाच्या शेवटी स्वतःला दोष देतो, प्रार्थनाप्रवेशात आपले कारण सांगतो, आणि दिरंगाईविषयीची ती कबुली न देताच इंग्लंडला जातो.

प्रार्थनाप्रवेशात राजा आणि राजपुत्र यांच्यात जे अंतर होते, तेच वाचक आणि पात्र यांच्यातही आहे. फक्त ते थोडे पुढे सरकलेले आहे. हॅम्लेटने वाकलेला देह पाहिला आणि प्रार्थना गृहीत धरली. वाचकाने प्रार्थनेमागचे शब्द ऐकले आणि मन गृहीत धरले. पण शब्द वर गेले आणि मन खालीच राहिले, हे ज्याने स्वतःच्याच प्रार्थनेविषयी सांगितले, त्याच क्लॉडियसच्या मुखातून स्वगताच्या प्रामाण्याविषयीचा इशाराही येऊन गेलेला आहे. त्या इशाऱ्याच्या शब्दांवर तरी विश्वास ठेवावा लागतो. आणि तो किती ठेवावा, हे दर वेळी, दर ओळीला, नव्याने ठरवावे लागते.